माझ्या नातवाचे वजन अठरा किलो आहे: अन्न सुरक्षा प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी सांगलीची. कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले, आता निवृत्त आहे. हे पत्र लिहायला निमित्त झाला माझा सहा वर्षांचा नातू. गेल्या मे महिन्यात एका वाढदिवसाहून तो घरी आला आणि तासाभरात त्याच्या अंगावर गांधी उठल्या. मानेवर, पोटावर, कोपरांच्या आतल्या बाजूला. डॉक्टरांनी औषध दिले, काट्यावर उभे करून वजन घेतले, ते अठरा किलो भरले, आणि आम्हाला एक काम सांगितले. त्याने त्या दिवशी काय काय खाल्ले ते लिहून काढा, पुन्हा असे झाले तर तेव्हाचेही लिहा, मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघू.

मी वहीत लिहायला बसले. जिलेबी, पिवळ्या रंगाचे बाटलीतले पेय, सॉस लावलेले कटलेट, आंब्याचे सरबत दोन पेले, पुरीबरोबर थोडे लोणचे. पेयाची रिकामी बाटली, सॉसची बाटली आणि सरबताच्या अर्काची बाटली त्या घरून मागवून घेतली. पेयाच्या बाटलीवर छापले होते ‘परवानगी असलेला कृत्रिम खाद्यरंग (१०२)’, आणि तिन्हींवर ‘वर्ग २ परिरक्षक (२११)’. १०२ म्हणजे टार्ट्राझिन हा लिंबासारखा पिवळा रंग. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट. कोणता पदार्थ आहे ते कळले. किती आहे ते कुठेच नव्हते. बाटलीवरच्या ग्राहक क्रमांकावर फोन केला. पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, “मॅडम, सगळे मान्य मर्यादेतच आहे.” मी विचारले, ती मर्यादा किती आणि तुमच्या बाटलीत किती? तिने तेच वाक्य पुन्हा म्हटले. तिचा दोष नाही. आकडा छापण्याची सक्तीच नसेल तर तिच्यापुढच्या कागदावर तो येणार कुठून?

सक्ती नाही, आणि ती करणे आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र आपल्याला आहे. ते उघड लिहिते आहे, कारण हा हिशेब प्रत्येक आईबापाने एकदा तरी करून बघावा असे मला मनापासून वाटते.

‘मान्य मर्यादा’ या दोन शब्दांत दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या जातात, तेवढे आधी सोडवते. एक मर्यादा पदार्थाची. एक किलो मिठाईत किंवा एक लिटर पेयात अमुक इतके मिलिग्रॅमच घालता येईल, असा नियम. कारखान्याला आणि हलवायाला तो लागू होतो, आपले निरीक्षक नमुना उचलतात तो याच मर्यादेसाठी. दुसरी मर्यादा माणसाची. तिला एडीआय म्हणतात, म्हणजे रोजचे स्वीकारार्ह सेवन. माणसाने एखादा घटक आयुष्यभर, दररोज, सगळ्या पदार्थांतून मिळून, शरीराच्या दर किलो वजनामागे किती घेतला तरी आजच्या ज्ञानानुसार धोका वाटत नाही, तो हा आकडा. पहिली मर्यादा पातेल्यावर लिहायची, दुसरी खाणाऱ्याच्या अंगावर. पातेल्यातला नियम पाळला म्हणजे खाणाऱ्याची मर्यादाही पाळली गेली असे आपोआप होत नाही, आणि उलटही होत नाही. ही गोष्ट मी पुढे आकड्यांनीच दाखवते.

एडीआय ठरतो कसा, ते टार्ट्राझिनवर बघू. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांची अन्नातल्या मिश्रकांवरची संयुक्त तज्ज्ञ समिती आहे, तिला जेक्फा म्हणतात. १९५६ पासून ती हेच काम करते. २०१६ मध्ये तिने टार्ट्राझिन पुन्हा तपासले. उंदरांना दीर्घकाळ रोज हा रंग खाऊ घातला होता. निरनिराळ्या गटांना निरनिराळी मात्रा. सर्वांत वरच्या मात्रेला उंदरांचे वजन घटले. त्याखालची, जिथे काहीच वाईट दिसले नाही ती मात्रा होती दर किलो वजनामागे रोज ९८४ मिलिग्रॅम. या आकड्याला समितीने शंभराने भागले. शंभर का? माणूस उंदरापेक्षा दहापट नाजूक असू शकतो असे धरले, आणि माणसामाणसांतही एखादा दुसऱ्यापेक्षा दहापट नाजूक असेल असे धरले. दहा गुणिले दहा. ९८४ ला शंभराने भागून जे येते ते पूर्णांकात दहा, म्हणून टार्ट्राझिनचा एडीआय झाला दर किलोमागे शून्य ते दहा मिलिग्रॅम. त्याआधी, १९६४ पासून, तो साडेसात होता. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २००९ मध्ये फेरतपासणी करून साडेसातच कायम ठेवला.

यावरून दोन गोष्टी लोकांनी लक्षात घ्याव्यात. एडीआय म्हणजे विषाची सीमारेषा नव्हे. एखाद्या दिवशी ती ओलांडली म्हणून कोणी आजारी पडत नाही, कारण तिच्या पलीकडे शंभरपटीचे अंतर राखलेले असते आणि हिशेब आयुष्यभराच्या रोजच्या सेवनाचा असतो. पण म्हणून ती बिनकामाचीही नाही. रोजच्या रोज, महिनोन्महिने तिच्या वर जाणे म्हणजे ते राखलेले अंतर खर्च करत राहणे. आणि दुसरी गोष्ट, आकडा दर किलो वजनामागे आहे. साठ किलोच्या माणसाला साडेसातच्या हिशेबाने टार्ट्राझिन रोज ४५० मिलिग्रॅम चालते, माझ्या नातवाला १३५. पण पेयाची बाटली मात्र दोघांना तीच मिळते, तीनशे मिलिलिटरची.

आता त्या वाढदिवसाचा हिशेब. बाटल्यांवर आकडे नव्हते, त्यामुळे मला पदार्थाच्या मर्यादेपासून सुरुवात करावी लागली. प्रत्येक पदार्थात नियमाने घालता येते तितके, काठोकाठ घातले आहे असे मी धरले. कारखानदार पुष्कळदा त्याहून कमी घालतात हे मला ठाऊक आहे. किती कमी, ते मला कळू शकत नाही, एवढीच तर तक्रार आहे.

आधी रंग. आपल्याकडे कृत्रिम रंगांची सर्वसाधारण मर्यादा किलोमागे शंभर मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम जिलेबी म्हणजे दहा मिलिग्रॅम. तीनशे मिलिलिटर पिवळे पेय म्हणजे तीस. एकूण चाळीस. नातवाची मर्यादा १३५, जेक्फाच्या नव्या आकड्याने १८०. म्हणजे तिसरा हिस्सासुद्धा नाही. इतकी वर्षे ज्या पिवळ्या रंगाकडे मी सर्वांत संशयाने बघत होते, तो या कसोटीवर तरी सहज उत्तीर्ण झाला. हे मला प्रामाणिकपणे सांगितलेच पाहिजे.

मग सोडियम बेंझोएट. याला रंग नाही, जिभेला फारसे जाणवत नाही, त्यामुळे कोणी त्याच्याकडे लक्ष देत नाही. आंबट पदार्थात ते बुरशी आणि यीस्ट वाढू देत नाही, म्हणून सरबते, सॉस, लोणची यांत ते असते. त्याची मोजणी बेंझोइक आम्लात करतात. शंभर मिलिग्रॅम सोडियम बेंझोएट म्हणजे साधारण पंच्याऐंशी मिलिग्रॅम बेंझोइक आम्ल. आपल्या २०११ च्या मूळ नियमावलीतल्या मर्यादा मी घेतल्या: तयार पेयात १२०, सरबताच्या अर्कात ६००, टोमॅटो सॉसमध्ये ७५०, लोणच्यात २५०, सगळे किलोमागे मिलिग्रॅममध्ये. तीनशे मिलिलिटर पेयातून ३६ आले. सरबताच्या एका पेल्यात पन्नास ग्रॅम अर्क धरला तर तीस, पोराने दोन पेले प्यायले म्हणजे साठ. कटलेटबरोबर दोन मोठे चमचे सॉस, तीस ग्रॅम, त्यातून साडेबावीस. दहा ग्रॅम लोणच्यातून अडीच. बेरीज १२१ मिलिग्रॅम.

जेक्फाच्या हिशेबाने बेंझोएटचा एडीआय २०२१ पर्यंत दर किलोमागे पाच मिलिग्रॅम होता. अठरा किलोच्या मुलाला नव्वद. म्हणजे ज्या दिवशी एकाही पदार्थाने एकही नियम मोडलेला नाही असे आपण गृहीत धरले, त्या दिवशी पोर आपल्या वाट्याच्या एकतीस मिलिग्रॅम पुढे गेले. त्याच पंगतीला बसलेल्या साठ किलोच्या मामाने हेच सगळे खाल्ले असते तर त्याची मर्यादा तीनशे होती, तो निम्म्यावरही पोचला नसता.

वाढदिवस रोज नसतो, हे मान्य. पण मे महिन्याच्या सुट्टीत सरबताचे दोन पेले रोज असतात आणि सॉसही पुष्कळ घरांत रोज असतो. तेवढ्यानेच साडेब्याऐंशी होतात. त्यात एक थंड पेय आले की नव्वद मागे पडले.

इथेच माझी आपल्याकडची सर्वांत मोठी तक्रार येते. २०२१ मध्ये जेक्फाने बेंझोएटचा एडीआय पाचवरून वीस केला. नवीन प्रजनन-अभ्यासात उंदरांना दर किलोमागे हजार मिलिग्रॅमपर्यंत त्रास दिसला नाही, आणि बेंझोइक आम्ल शरीर कसे हाताळते याची माहिती चांगली असल्यामुळे समितीने शंभराऐवजी पन्नासाने भागले. त्यामागे तर्क आहे. यकृतात हे आम्ल ग्लायसिनशी जोडले जाते, हिप्युरिक आम्ल होते आणि बहुतेक सगळे एका दिवसात लघवीवाटे निघून जाते. दालचिनीत ते निसर्गतःच असते, आपल्या दह्यातही थोडे असते. पण युरोपच्या प्राधिकरणाने २०१६ मध्ये स्वतंत्र तपासणी करून जो आकडा दिला तो पाचच आहे. म्हणजे एका आकड्याने माझा नातू मर्यादेच्या बाहेर, दुसऱ्याने, ३६० मिलिग्रॅमच्या हिशेबाने, तिसऱ्या हिश्शावर. भारतातल्या आईबापांनी कोणता आकडा धरायचा? आपण पदार्थांच्या मर्यादा ठरवताना कोणता धरता? मुलांसाठी धरता की साठ किलोच्या माणसासाठी? याचे साध्या मराठीत लिहिलेले उत्तर मी शोधले, मला मिळाले नाही. शास्त्रज्ञांत मतभेद असणे गैर नाही. ते लोकांपुढे न मांडता ‘मर्यादेत आहे’ एवढेच ऐकवणे मला गैर वाटते.

दुसरी तक्रार लेबलवरच्या क्रमांकांची. पाकिटावर १०२ आणि १२७ शेजारी शेजारी, एकाच टाइपात छापलेले असतात. १०२ टार्ट्राझिन, त्याचा एडीआय दहा. १२७ म्हणजे एरिथ्रोसिन, चेरीचा गुलाबी-लाल रंग, त्याचा एडीआय ०.१. शंभरपटीचा फरक. नातवाच्या वजनाला एरिथ्रोसिन दिवसाला एक पूर्णांक आठ मिलिग्रॅम, बस. अमेरिकेने तर जानेवारी २०२५ मध्ये त्याची खाद्यपदार्थांतली परवानगीच मागे घेतली. लेबल वाचणाऱ्या माणसाला यातले काय कळते? त्याला दिसतात दोन तीन-आकडी संख्या, आणि दोन्हींच्या आधी ‘परवानगी असलेला’ हा एकच शब्द.

तिसरी तक्रार मी आजी म्हणून करते. एडीआय ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो प्रश्नच वेगळा आहे. उंदराचे वजन घटले का, यकृत-मूत्रपिंड बिघडले का, गाठी झाल्या का, पिलांवर परिणाम झाला का, हे त्यात बघतात. काही थोड्या माणसांना टार्ट्राझिनने अंगावर पित्त उठते, विशेषतः ज्यांना अ‍ॅस्पिरिन सोसत नाही अशांपैकी काहींना. त्यांच्यासाठी ‘दिवसाला १३५ मिलिग्रॅम’ याला अर्थ नाही, फार कमी मात्रेलाही त्यांना त्रास होऊ शकतो. माझ्या नातवाला रंगानेच झाले असे मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणाले नाहीत. ते शोधायला वही लागते आणि वहीत लिहायला माहिती लागते.

वागणुकीचेही तसेच. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना रंगांचे मिश्रण आणि सोडियम बेंझोएट घातलेले पेय दिले, आणि दुसऱ्या वेळी चवीला-दिसायला तसेच पण त्याविना दिले. मिश्रण घेतल्यावर मुलांची चंचलता सरासरीने थोडी वाढलेली दिसली. तीन वर्षांच्या मुलांना दिलेल्या एका मिश्रणात टार्ट्राझिन साडेसात मिलिग्रॅम होते आणि सोडियम बेंझोएट पंचेचाळीस. पंधरा किलोच्या मुलाला टार्ट्राझिनची मर्यादा एकशे बारा, म्हणजे दिलेली मात्रा तिच्या पंधराव्या हिश्शाइतकी. परिणाम लहान होता, सगळ्या मुलांत सारखा नव्हता, आणि मिश्रण असल्यामुळे कशाने झाला हे वेगळे काढता आले नाही. या मर्यादा सांगून युरोपच्या प्राधिकरणाने त्या अभ्यासावरून एडीआय बदलायला नकार दिला. मला तो नकार पटतो. पण युरोपीय संघ तिथे थांबला नाही. जुलै २०१० पासून टार्ट्राझिनसह सहा रंगांपैकी कोणताही असेल तर ‘मुलांच्या एकाग्रतेवर आणि वागणुकीवर प्रतिकूल परिणाम होऊ शकतो’ अशा अर्थाची सूचना पाकिटावर छापणे तिथे सक्तीचे आहे. आकडा तोच ठेवला, आणि आईबापांना सांगून टाकले. आपण दोन्हींपैकी दुसरी गोष्ट का करू नये?

आता हलवाई. वाढदिवसाची जिलेबी ज्या दुकानातून आली होती तिथे मी गेले. दुकानदार ओळखीचे, भला माणूस. त्यांनी रंगाचा डबा काढून दाखवला. डबा चांगला होता, परवाना क्रमांक होता, शुद्ध रंग किती टक्के तेही छापलेले होते. मी विचारले, एका घाण्याला किती घालता? त्यांनी चमच्याचा दांडा उलटा धरला, टोकावर येईल तेवढी पूड उचलली आणि म्हणाले, “एवढा. सणाला जरा जास्त, गिऱ्हाइकाला रंग उठून लागतो.” वजनकाटा शेजारीच होता, साखर मोजायला. रंग मोजायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

समजा दहा किलो बुंदीत पाच ग्रॅम शुद्ध रंग पडला. चहाचा एक चमचाभर. किलोमागे पाचशे मिलिग्रॅम झाले, नियमाच्या पाचपट. हा गुन्हा आहे. त्यातली शंभर ग्रॅम बुंदी नातवाने खाल्ली तर पन्नास मिलिग्रॅम पोटात गेले, त्याच्या १३५ च्या आतच. मघाशी सगळे नियमात असून एडीआय ओलांडला होता, इथे नियम पाचपट मोडून तो ओलांडला नाही. दिवाळीत एका दिवशी पावणेतीनशे ग्रॅमवर गेला तर मात्र ओलांडेल. मर्यादा दोन आहेत असे मी सुरुवातीला म्हटले ते यासाठी.

पण या सगळ्या गणिताखाली एक गृहीत आहे: डब्यात खरोखर टार्ट्राझिनच आहे. स्वस्तातला सुटा पिवळा रंग मेटॅनिल यलो असेल तर हे सगळे गणित फाडून टाकावे लागते. त्याला अन्नात परवानगी नाही आणि त्याचा एडीआय काढलेलाच नाही. किती चालेल या प्रश्नाला तिथे जागा नाही. प्रयोगशाळेत मुलांना मी दाखवत असे: रंगीत पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले की मेटॅनिल यलो लगेच गुलाबी-किरमिजी होतो, टार्ट्राझिन पिवळेच राहते. ही परीक्षा आपल्याच प्राधिकरणाने लोकांसाठी सांगितली आहे आणि त्याबद्दल मी आपली आभारी आहे. मात्र ती फक्त ‘कोणता’ सांगते, ‘किती’ सांगत नाही.

‘किती’ हे कोणालाच माहीत नसले की काय होते, ते २०२४ मध्ये दिसले. म्हापशाच्या नगरपालिकेने गोबी मंचुरियनवर बंदी घातली, कारणांत कृत्रिम रंगही होता. कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बाल यांतल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली. बुढ्ढी के बालमध्ये ऱ्होडामाइन-बी सापडले होते, ते कापडाचे, तिथे बंदीच हवी. पण ऱ्होडामाइन-बी, जे कुठल्याच मात्रेत चालत नाही, आणि टार्ट्राझिन, जे एका मात्रेपर्यंत चालते, ही दोन्ही नावे लोकांच्या कानावर एकाच दमात पडली. त्या आठवड्यात माझ्या शेजारणीने घरातली कस्टर्ड पावडर फेकून दिली आणि सॉसची बाटली ठेवली. तिला फरक समजावून सांगणारे कोणी नव्हते.

चौथी आणि शेवटची तक्रार. आपली मुले रोज प्रत्यक्षात किती रंग आणि किती बेंझोएट खातात? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये हैदराबादेतल्या लोकांच्या खाण्यातले कृत्रिम रंग मोजून प्रसिद्ध केले होते. काही जणांचे सेवन टार्ट्राझिन, सनसेट यलो आणि एरिथ्रोसिन यांच्या एडीआयच्या वर गेलेले त्यांना आढळले. त्याला वीस वर्षे उलटून गेली. तेव्हापासून पाकीटबंद खाणे खेड्यातल्या टपरीपर्यंत पोचले आहे, पाच-दहा रुपयांच्या पुड्यांत. सरासरी माणसाचा आकडा काढून भागणार नाही. पंधरा ते पंचवीस किलो वजनाची, आणि त्यांतलीही सर्वांत जास्त खाणारी मुले मोजली पाहिजेत, कारण मर्यादा आधी त्यांची ओलांडली जाते.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

पाकीटबंद पदार्थावर प्रत्येक कृत्रिम रंग आणि प्रत्येक बेंझोएट किती मिलिग्रॅम आहे, ते शंभर ग्रॅममागे आणि एका वाढपामागे छापणे सक्तीचे करावे. साखर आणि मीठ किती ते आपण छापायला लावलेच आहे, रंग तर कारखान्यात मोजूनच घातला जातो. सगळे एकदम जमत नसेल तर पेये, सरबतांचे अर्क, सॉस आणि लहान मुलांच्या गोळ्या-बिस्किटांपासून सुरुवात करावी.

आपण प्रत्येक घटकासाठी कोणता एडीआय धरता, तो कोणत्या वर्षीचा, आणि जेक्फा व युरोप यांचे आकडे वेगळे असतील तर आपण त्यातला का निवडला, हे मराठीसह सर्व भारतीय भाषांत जाहीर करावे. सोबत दहा, वीस, चाळीस आणि साठ किलो वजनासाठी दिवसाचे मिलिग्रॅम दाखवणारा एका पानाचा तक्ता द्यावा. अंगणवाडीच्या भिंतीवर वजनाचा तक्ता लागतो, त्याच्या शेजारी तो लागू शकेल.

टार्ट्राझिन असलेल्या पदार्थावर त्याचे नाव शब्दांत, नुसत्या क्रमांकात नव्हे, आणि युरोपसारखी मुलांविषयीची सूचना छापावी.

हलवायांच्या प्रशिक्षणात रंग वजन करून घालण्याचा एक तास ठेवावा. शंभर मिलिग्रॅमची मर्यादा म्हणजे दहा किलो घाण्याला एक ग्रॅम शुद्ध रंग, आणि डब्यात वीस टक्केच रंग असेल तर पाच ग्रॅम पूड, इतके साधे गणित आहे ते. डब्यासोबत तेवढ्या मापाचा चमचा देण्याची सक्ती रंग विकणाऱ्यांवर करता येईल.

आणि मुलांच्या सेवनाची पाहणी नव्याने करावी, महाराष्ट्रातल्या निदान एका शहरात आणि एका तालुक्यात, आणि तिचे निष्कर्ष जसे येतील तसे छापावेत. सगळे मर्यादेत निघाले तर मला आनंदच आहे.

नातू आता बरा आहे. त्यानंतर एकदाच, गणपतीत, पुन्हा गांधी उठल्या. तेव्हाची यादी मी वहीच्या समोरच्या पानावर लिहिली आहे. दोन्ही पानांवर पदार्थांची नावे आहेत, क्रमांक आहेत, आणि मिलिग्रॅमचा रकाना मी पेन्सिलीने आखून ठेवला आहे. तो रिकामा आहे. डॉक्टरांची पुढची भेट दिवाळीनंतर आहे. आपल्या उत्तराची वाट बघते.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका
सांगली